एका वेळी किती मीटर विणावे? बॅचचा हिशेब आणि फायद्याची बॅच

आमचे एक मावसभाऊ इचलकरंजीत आठ माग चालवतात. गेल्या वर्षी ते वडगावला आमच्या दुकानी आले, चहा झाला, आणि मग त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. म्हणाले, "भाईजान, परकराच्या पॉपलिनमध्ये मीटरमागे तीन रुपये सुटतात. वर्षाला चोवीस हजार मीटर तुम्हीच उचलता. म्हणजे बहात्तर हजार हाताशी यायला पाहिजेत. वर्षअखेरीस बघतो तर त्यातले काहीच नाही. हे चार माग भंगारात घालावे काय?"

चिठ्ठी आम्ही नीट पाहिली. बेरीज बरोबर होती, दरही बरोबर होते. सूत, सायझिंग, विणकराची मजुरी, वीज, कांडी, घडी, सगळे मिळून मीटरला ३८ रुपये खर्च आणि आमच्याकडून मिळणारा भाव ४१ रुपये. तरीही पैसा गळत होता. तो कोठे गळत होता हे शोधायला आम्हां दोघांना दोन रात्री लागल्या. ज्या कोणाच्या कारखान्यात एकाच यंत्रावर आळीपाळीने दोन-तीन प्रकारचा माल निघतो, त्या सर्वांना हा हिशेब लागू पडतो, म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहोत. येथील दर समजायला सोपे जावेत म्हणून पूर्ण आकड्यांत घेतले आहेत. वाचक बांधवांनी त्यांच्या जागी आपले दर घालावेत.

बॅच म्हणजे काय

गुऱ्हाळावर एका कढईतून जो गूळ निघतो त्याला आपल्याकडे आदण म्हणतात. कढई चुलवाणावर चढवणे, जाळ लावणे, रस भरणे ही मेहनत आदणामागे एकदाच पडते, मग कढई पूर्ण भरा की अर्धी. मागावरही तसेच असते. एका प्रकारचे कापड एकदा मागावर चढवले की ते उतरेपर्यंत जेवढे मीटर निघतात ती एक बॅच. बॅचच्या हिशेबात खर्चाची दोन पोती वेगळी ठेवावी लागतात. एक पोते मीटरमागे वाढणाऱ्या खर्चाचे, म्हणजे सूत, मजुरी, वीज. दुसरे पोते बॅच चढवण्याच्या खर्चाचे. दोन हजार मीटर विणा नाहीतर वीस हजार, हा दुसरा खर्च बॅचला एकदाच येतो.

आमच्या भावांनी दुसरे पोते कधी वेगळे केलेच नव्हते. वहिफणीचे पैसे त्यांच्या वहीत 'मजुरी'त जात होते, टेंपोचे भाडे 'किरकोळ'मध्ये जात होते, आणि वाया गेलेल्या सुताची तर नोंदच नव्हती. त्यामुळे मीटरमागे ३८ रुपये हा आकडा खोटा नसला तरी अपुरा होता.

चढवण्याचा खर्च मोजताना

त्यांच्या आठ मागांपैकी चार मागांवर कधी पॉपलिन, कधी अस्तराचे कापड असे चाले. दोन्ही मालांच्या ताण्यातील धाग्यांची संख्या वेगळी आणि फणीही वेगळी. त्याच मालाचे नवे बीम लावायचे असेल तर जुन्या ताण्याच्या शेवटाला नवे धागे सांधून काम भागते आणि खर्च थोडा येतो. माल बदलला की मात्र सांधणी चालत नाही. प्रत्येक धागा पुन्हा वहीतून आणि फणीतून ओढावा लागतो, म्हणजे वहिफणी नव्याने करावी लागते. चार मागांवर पॉपलिन चढवण्याचा एका वेळचा खर्च आम्ही असा काढला.

वहिफणी, चार बीम, प्रत्येकी ६०० : २,४०० रुपये
बीम चढवणे व माग लावणे, जॉबर व मदतनीस : १,००० रुपये
सायझिंगच्या सेटमागे पडणारा ठराविक खर्च व टेंपो : १,२०० रुपये
सुरुवातीचे व शेवटचे वाया जाणारे सूत आणि चिंधी : ८०० रुपये
चार माग एक दिवस बंद : ६०० रुपये
एकूण : ६,००० रुपये

यातल्या शेवटच्या दोन ओळींबद्दल थोडे बोलले पाहिजे, कारण त्या वहीत कोणी लिहीत नाही. बीम संपताना फणीच्या मागे जो ताणा उरतो तो विणता येत नाही. नवीन बीम चढल्यावर पहिले काही मीटर कापड ताण बसेपर्यंत खराब निघते. हे सगळे चिंधीच्या भावाने जाते. माग बंद राहण्याचे नुकसान म्हणजे त्या दिवशी न निघालेल्या मालावरचा नफा. एक माग दिवसाला सुमारे ५० मीटर देतो, मीटरला तीन रुपये, म्हणजे मागाला दीडशे. हे नुकसान मागाला दुसरे काम हाताशी असेल तरच धरावे. मंदीत माग नाहीतरी उभाच राहणार असेल तर ते धरू नये.

उलट चूकही होते. काही कारखानदार महिन्याच्या पगारावर असलेल्या जॉबरचा पगार चढवण्याच्या खर्चात वाटून टाकतात. बॅच कमी केल्या तरी तो पगार द्यावाच लागणार असेल, तर बॅच ठरवताना तो धरायचा नाही. येथे आम्ही जॉबरचे पैसे धरले, कारण या कारखान्यात त्याला कामाप्रमाणे पैसे दिले जातात. कसोटी एकच: ही बॅच चढवली नसती तर हा रुपया वाचला असता काय? वाचला असता तर धरा.

एका बॅचचा मीटरभाव

आता बॅचचा हिशेब सोपा होतो. आम्ही त्यांच्याकडून दरमहा २,००० मीटर उचलत असू, आणि तेही दरमहा २,००० मीटरच चढवत. चार माग, प्रत्येकी ५०० मीटर. चढवण्याचे ६,००० रुपये २,००० मीटरवर वाटले तर मीटरला तीन रुपये. ३८ अधिक ३ म्हणजे ४१, आणि आमचा भावही ४१. भावांचे तीन रुपये कोठे गेले ते येथे दिसले. नफा वहिफणीत आणि चिंधीत जात होता.

हीच बॅच ८,००० मीटरची केली तर चढवण्याचा खर्च मीटरला पाऊण रुपया येतो आणि मीटरभाव ३८ रुपये ७५ पैसे होतो.

येथे एक सूचना. खर्च नेहमी चांगल्या मीटरवर वाटावा, विणलेल्या मीटरवर नव्हे. ८,००० मीटरच्या बॅचचा खर्च ३,१०,००० रुपये झाला, आणि मेंडिंगमध्ये समजा २०० मीटर दुय्यम निघाले, जे २५ रुपयांनी गेले. त्यातून ५,००० रुपये परत आले. उरलेले ३,०५,००० रुपये ७,८०० चांगल्या मीटरवर पडतात, म्हणजे मीटरला ३९ रुपये १० पैसे. पुढील हिशेबात गोंधळ नको म्हणून आम्ही दुय्यम माल बाजूला ठेवला आहे, पण आपल्या वहीत तो घ्यावा.

माल पडून राहण्याचा खर्च

हे ऐकल्यावर भाऊ लगेच म्हणाले, "मग वर्षाचे चोवीस हजार मीटर एकदमच विणून ठेवतो. वहिफणी एकदाच." पुष्कळ जण येथेच घसरतात. चढवण्याचा खर्च वाचतो हे खरे, पण माल पडून राहतो, आणि पडून राहिलेला माल खर्च मागतो.

त्यावर आणखी एक शंका आली: "आपण व्याजाने पैसा घेत नाही. घरचा पैसा आहे. मग माल पडून राहिला तर खर्च कसला?" आमच्या अनेक बांधवांचा हाच समज आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट देणे जरूर आहे. ज्याने बँकेकडून उचल घेतली आहे त्याचा खर्च व्याजाच्या रूपाने दिसतो. ज्याने घेतली नाही त्याचा खर्च दिसत नाही, पण होतो. गोदामात पडलेल्या एका मीटरमध्ये ३८ रुपये अडकले आहेत. तेच ३८ रुपये सुताच्या रोख खरेदीत घातले असते, दुसऱ्या मालात फिरवले असते, तर वर्षात काय मिळाले असते? आम्ही दोघांनी हात राखून शेकडा १५ धरले, म्हणजे मीटरला वर्षाकाठी ५ रुपये ७० पैसे. हा सुटलेला नफाच आहे, व्याज नव्हे.

जकातीबद्दलही त्यांनी विचारले. व्यापाराच्या मालावर वर्षाला शेकडा अडीच जकात आहे, मग ती या खर्चात धरायची काय? आमच्या मते धरू नये. माल विकून तेच पैसे रोख हातात असते तरी त्यावर जकात निघालीच असती. बॅच लहान केल्याने जी रक्कम वाचत नाही, ती बॅचच्या हिशेबात येत नाही. मघाची कसोटी येथेही लागू पडते.

मीटरमागचे बाकीचे २ रुपये ३० पैसे गोदामाची जागा, पावसाळ्यातील दमट हवा, डाग, उंदीर, घडीवर पडणारे पिवळे पट्टे, आणि बाजार उतरला तर होणारी घट यांसाठी धरले. एकूण एक मीटर कापड वर्षभर ठेवण्याचा खर्च ८ रुपये.

दोन खर्चांची ओढाताण

बॅच मोठी केली की चढवण्याचा खर्च उतरतो आणि ठेवण्याचा खर्च चढतो. लहान केली की उलट होते. मध्ये कोठेतरी दोहोंची बेरीज सर्वांत कमी होते, आणि तीच फायद्याची बॅच.

ती शोधण्याचे सूत्र जुने आहे. फोर्ड हॅरिस नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी फेब्रुवारी १९१३ मध्ये 'फॅक्टरी' नावाच्या मासिकात ते छापले. यंत्राचे भाग एका वेळी किती बनवावेत हा त्यांचा प्रश्न होता. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली बसवला, म्हणजे आपल्या भागातील मागाचा खडखडाट या सूत्रापेक्षा नऊ वर्षांनी जुना आहे. सूत्र असे:

फायद्याची बॅच = √(२ × वर्षाची विक्री × एका वेळचा चढवण्याचा खर्च ÷ एक मीटर वर्षभर ठेवण्याचा खर्च)

आमच्या उर्दू शाळेत वर्गमुळाला जज्र म्हणत आणि ते हाताने काढताना घाम फुटे. आता साध्या कॅल्क्युलेटरवर त्याचे बटण असते. २ गुणिले २४,००० गुणिले ६,००० भागिले ८ म्हणजे ३ कोटी ६० लाख, आणि त्याचे वर्गमूळ ६,०००. म्हणजे ६,००० मीटरची बॅच, वर्षात चार वेळा.

पण हे उत्तर आमच्या कामाला पुरते बसत नाही. हे सूत्र असे धरून चालते की सगळा माल एका दिवसात गोदामात येऊन पडतो. व्यापाऱ्याकडे ट्रक आला तर तसेच होते. मागावर मात्र माल दिवसादिवसाने निघतो आणि निघता निघता विकलाही जातो. चार माग मिळून दिवसाला २०० मीटर निघतात, आणि वर्षाचे कामाचे ३०० दिवस धरले तर विक्री दिवसाला ८० मीटर आहे. निघालेल्या २०० मीटरमधून ८० गेले, १२० गोदामात राहिले. म्हणजे शंभरात साठच साठतात. हा फरक १९१८ मध्ये टॅफ्ट या दुसऱ्या लेखकाने हिशेबात आणला. त्यासाठी ठेवण्याच्या खर्चाला फक्त या हिश्श्याने गुणायचे. येथे हिस्सा ०.६ आहे, म्हणून ८ ऐवजी ४ रुपये ८० पैसे. सूत्र तेच ठेवून भागाकार केला की ६ कोटी येतात आणि वर्गमूळ सुमारे ७,७५० मीटर.

आता ७,७५० मीटरचे बीम कोणी भरत नाही. त्यांच्या मागावर बीम १,००० मीटरचे बसते. म्हणून चार मागांवर प्रत्येकी दोन बीम, एकूण ८,००० मीटर ठरवले. पहिल्या बीमला वहिफणी, दुसऱ्याला फक्त सांधणी. ही बॅच ४० दिवसांत विणून होते. तेवढ्यात ३,२०० मीटर विकले जातात, ४,८०० उरतात आणि ते पुढील ६० दिवसांत संपतात. शंभर दिवसांनी पुन्हा पॉपलिन चढते, वर्षात तीन वेळा.

वेगवेगळ्या बॅचचा वर्षाचा हिशेब बाजूबाजूला ठेवून पाहा.

| बॅच (मीटर) | वर्षात किती वेळा | चढवण्याचा खर्च | ठेवण्याचा खर्च | एकूण रुपये |
|---|---|---|---|---|
| २,००० | १२ | ७२,००० | ४,८०० | ७६,८०० |
| ४,००० | ६ | ३६,००० | ९,६०० | ४५,६०० |
| ८,००० | ३ | १८,००० | १९,२०० | ३७,२०० |
| १२,००० | २ | १२,००० | २८,८०० | ४०,८०० |
| २४,००० | १ | ६,००० | ५७,६०० | ६३,६०० |

बहात्तर हजारांचा नफा आणि पहिल्या ओळीतील ७६,८०० चा खर्च. भावांना वर्षाला ४,८०० चा तोटा होत होता. ८,००० च्या बॅचने तेच ३४,८०० रुपये शिल्लक राहतात. कापड तेच, माग तेच आणि भावही तोच.

या कोष्टकात दोन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे ८,००० च्या ओळीत चढवण्याचा आणि ठेवण्याचा खर्च जवळजवळ सारखा आहे. फायद्याच्या बॅचची ही खूणच आहे. ज्याला वर्गमुळाची कटकट नको त्याने वर्षाचे हे दोन खर्च काढून बघावेत. चढवण्याचा जास्त असेल तर बॅच वाढवावी, ठेवण्याचा जास्त असेल तर कमी करावी. दुसरी गोष्ट अशी की तळाशी खड्डा उथळ आहे. ७,७५० ऐवजी ८,००० घेतल्याने वर्षाला सुमारे वीस रुपयांचा फरक पडतो. म्हणून दर पैशापैशाने अचूक नसले तरी चालते. ८,००० च्या जागी १२,००० झाले तरी साडेतीन हजारांवर भागते. पण २,००० ची चूक जवळजवळ चाळीस हजारांना पडते.

आम्ही विचारलेला प्रश्नच चुकीचा होता

पहिल्या रात्री आम्ही येथे थांबलो आणि खूश झालो. दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर ध्यानात आले की आम्ही चार माग धरूनच चाललो होतो. चारच का? ते नेहमी चार चढवत म्हणून. सूत्र आपण विचारू तेवढ्याचेच उत्तर देते.

दोनच मागांवर पॉपलिन चढवली तर? वहिफणी अर्धी, जॉबर अर्धा, चिंधी अर्धी, बंद दिवसाचे नुकसान अर्धे. सायझिंगच्या सेटचा ठराविक खर्च मात्र तेवढाच. एकूण ३,६०० रुपये. उत्पादन दिवसाला १०० मीटर, विक्री ८०. म्हणजे शंभरात फक्त वीस मीटर साठतात, आणि ठेवण्याचा खर्च ८ च्या ऐवजी १ रुपया ६० पैसे धरायचा. सूत्राने सुमारे १०,४०० मीटर येतात. म्हणजे जवळजवळ दहा बीम.

दहा बीम एकदम भरण्यात मात्र धोका आहे, जो सूत्रात नाही. सूत्र विणलेल्या कापडाचा साठा मोजते, सायझिंग करून भिंतीला टेकवलेल्या बीमचा नाही. तेथेही सुताचा पैसा अडकतो. शिवाय बीमवर खळ असते आणि आपल्या पावसाळ्यात खळ लावलेला ताणा फार दिवस पडला तर त्याला बुरशी धरते आणि मागावर धागे तुटतात. म्हणून आम्ही ८,००० वरच थांबलो. दोन माग, प्रत्येकी चार बीम, ८० दिवसांचे विणकाम, आणि मग २० दिवस ते माग दुसऱ्या कामाला मोकळे. वर्षाचा चढवण्याचा खर्च १०,८००, ठेवण्याचा ६,४००, एकूण १७,२०० रुपये. दहा हजारांच्या बॅचने आणखी ५६० रुपये वाचले असते, पण तेवढ्यासाठी बुरशी ओढवून घेण्यात शहाणपण नव्हते.

बहात्तर हजारांतून १७,२०० वजा केले की ५४,८०० रुपये उरतात. बाकीचे दोन माग अस्तरावर कायम राहिले, त्यामुळे तेथील वहिफणीही वाचली. तेव्हा बॅचचा आकडा ठरवण्यापूर्वी, हा माल किती यंत्रांवर चढवायचा हे आधी ठरवावे. उत्पादनाचा वेग विक्रीच्या वेगाच्या जितका जवळ आणाल तितका साठा कमी आणि वारंवार चढवण्याचा खर्चही कमी. मात्र याची किंमत अशी की एक माग बिघडला तर निम्मे उत्पादन थांबते, आणि एकाएकी मागणी वाढली तर हात तोकडे पडतात.

व्यापाऱ्याचा वाटा

येथे आम्हांला आमचीही चूक कबूल केली पाहिजे. दरमहा २,००० मीटरच पाहिजेत, पुढचे पुढे बघू, असे आम्हीच सांगत आलो होतो. आमच्या गोदामात माल साठत नव्हता म्हणून आम्ही स्वतःला हुशार समजत होतो. प्रत्यक्षात साठ्याचा खर्च टाळण्यासाठी आम्ही विणकराला महिन्यातून एकदा वहिफणी करायला लावत होतो. पुढच्या महिन्याची हमी नाही, तर तो मोठी बॅच कशी चढवणार? असा कारखानदार एक दिवस माग विकतो, आणि मग व्यापाऱ्याला तोच माल दुसरीकडे महाग घ्यावा लागतो.

म्हणून आम्ही लिहून दिले की वर्षभर दरमहा २,००० मीटर उचलू, भाव सुताच्या भावाप्रमाणे दर बॅचला ठरवू. आमच्या खिशातून यासाठी काहीही गेले नाही. भावांनी त्याच हमीवर दोन माग पॉपलिनला बांधले.

कोठे सांभाळावे

हा हिशेब वर्षभर सारखी विक्री धरतो. परकराची पॉपलिन तशी विकते. लग्नसराईचा किंवा ईदचा माल तसा विकत नाही. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो, तेव्हा गेल्या सालची तारीख धरून बॅच लावली तर माल ईदनंतर हातात येतो. अशा मालाला हे सूत्र लावू नये. तेथे विक्रीची शेवटची तारीख धरून मागे दिवस मोजावेत. दर मोसमाला रंग किंवा नक्षी बदलणाऱ्या मालाचेही तसेच आहे, कारण पडून राहिलेला मीटर तेथे आठ रुपयांनी नव्हे तर निम्म्या भावाने मार खातो.

दुसरे म्हणजे मोठ्या बॅचमध्ये चूकही मोठी होते. वहिफणीत एक धागा चुकला, किंवा फणीची रेघ कापडावर उमटली, तर ५०० मीटरला जेवढे नुकसान होते त्याच्या कितीतरी पट जास्त होते. म्हणून माग लावल्यावर पहिले दहा-वीस मीटर उतरवून उजेडात उभे धरून पाहावेत आणि मगच पुढे चालवावे. एवढा अर्धा तास मोठ्या बॅचच्या खर्चातच धरावा.

तिसरे, विक्री बदलली की बॅच त्याच प्रमाणात बदलू नये. विक्री चौपट झाली तर फायद्याची बॅच दुप्पटच होते, कारण मध्ये वर्गमूळ आहे. मात्र माग तेवढेच राहिले तर साठ्याचा हिस्साही बदलतो, म्हणून हिशेब पहिल्यापासून मांडावा. सुताचा भाव किंवा वहिफणीचा दर बराच हलला, तरीही पुन्हा मांडावा. वर्षातून दोनदा मांडला तर पुरे.

आमच्या भावांनी आता वहीत एक पान वेगळे केले आहे. प्रत्येक बॅचला नंबर, चढवल्याची तारीख, वहिफणी, जॉबर, सेट, चिंधीचे वजन, चांगले मीटर, दुय्यम मीटर. बॅच उतरली की त्याच पानावर मीटरभाव निघतो. चारही माग अजून चालू आहेत.

ज्यांचे काम शिलाईचे, छपाईचे किंवा रंगाचे आहे त्यांनी वहिफणीच्या जागी आपला खर्च लिहावा: कटिंगचे टेबल लावणे, छपाईचे पडदे धुणे, रंगाची टाकी साफ करून नवी छटा जुळवणे. मग तीन आकडे शोधावेत. वर्षाला किती जाते, एकदा चढवायला किती लागते, आणि एक नग वर्षभर ठेवायला किती लागते. पहिला आकडा विक्रीच्या वहीत मिळेल. दुसरा आणि तिसरा बहुतेकांच्या वहीत आज लिहिलेला नाही. या आठवड्यात पुढची बॅच चढेल तेव्हा दुसरा आकडा तेथेच उभे राहून कागदावर उतरवून घ्यावा.